मापाची दोरी

पत्र आलं ते माझ्या मेलवर. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, त्यामुळे अर्ध्या गावाचा पत्ता म्हणजे माझाच मेल. मागच्या हिवाळ्यात ताडोब्याला आलेली कुणी परदेशी पाहुणी आमच्या मावशीचं एक टोपलं घेऊन गेली होती. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर माझाच पत्ता होता. ते टोपलं तिच्या मैत्रिणीनं पाहिलं. मैत्रीण जर्मनीतल्या एका लहानशा गावात घरगुती वस्तूंचं दुकान चालवते, वर्षाला चार-पाच ठिकाणांहून थोडा थोडा माल मागवते. तिनं लिहिलं होतं, चाचणी म्हणून छत्तीस टोपली हवीत.

मावशी म्हणजे रक्ताची नव्हे, गल्लीची. घरी बुरडकाम, काका बांबू फोडतात, मावशी विणते, सून काठ बांधते. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो आणि पत्र वाचून दाखवलं. सुरुवातीचं गोड बोलणं मावशीनं हसून ऐकलं. मग मापं सुरू झाली. तीन टोपल्यांचा एक संच, असे बारा संच. मोठं ३० सेंटिमीटर रुंद आणि २० उंच, मधलं २६ आणि १८, लहान २२ आणि १६. भिंती सरळ उभ्या. लहान मधल्यात आणि मधलं मोठ्यात बसलं पाहिजे. फरक चालेल तो पाच मिलिमीटर कमी किंवा पाच मिलिमीटर जास्त. रंग नैसर्गिक, रसायन नको, बुरशी नको, कीड नको.

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "टोपलं का सरकारी रस्ता हाय, मिलिमीटरनं मोजाले?"

माझ्याही मनात तेच आलं होतं. मावशीचं माप वीत आणि बोटात असतं. दीड वीत तोंड म्हणजे शेणाचं टोपलं, दोन वीत म्हणजे धान उपसायचं. गिऱ्हाईक तिच्या हाताला ओळखतं आणि ती गिऱ्हाइकाच्या डोक्याला. पाच मिलिमीटर हा बाईचा हट्ट आहे असं धरून मी लगेच उत्तर लिहायला घेतलं, 'हाताचं काम आहे, थोडंफार इकडेतिकडे होणारच.' पाठवलं नाही हे बरं झालं. रात्री दुकानात कागदावर आकडे मांडले तेव्हा कळलं की हट्ट नव्हता, हिशेब होता.

टोपल्याचा काठ जाड असतो. मावशीच्या हाताचा काठ साधारण एक सेंटिमीटर भरतो. म्हणजे मोठ्याचं बाहेरून माप ३० असेल तर आतून उरतात २८. त्यात २६चं मधलं बसवायचं, तर चारी बाजूंनी एक सेंटिमीटरची मोकळीक. आता समजा मोठं एका सेंटिमीटरनं लहान झालं आणि मधलं एका सेंटिमीटरनं मोठं. मोठ्याच्या आत उरले २७ आणि मधलं झालं २७. बसणारच नाही, बसलं तर निघणार नाही. हाच फरक अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवला तर मोठं आतून साडेसत्तावीस, मधलं साडेसव्वीस, सुखानं जातं. पाच मिलिमीटर आले ते इथून.

पण या सगळ्यात ३० म्हणजे आतून की बाहेरून, हे बाईनं लिहिलंच नव्हतं. मी बाहेरून धरलं म्हणून हिशेब जुळला. आतून धरलं असतं तर मोठं ३२चं विणावं लागलं असतं. ऑर्डरच्या पत्रात असली भोकं असतातच, आणि विणायच्या आधी ती विचारून बुजवावी लागतात. आमच्या उत्तरातला पहिला प्रश्न हाच ठरला.

दुसऱ्या दिवशी मावशीला सांगायचं होतं ते मिलिमीटर न म्हणता. शाळेतलं गणित कामाला आलं. टोपल्याचं तोंड मोजायला त्याच्या मधून पट्टी धरली तर नेमका मध्य सापडत नाही आणि तोंड थोडं लांबट झालं की दोन बाजूंनी दोन मापं येतात. त्यापेक्षा काठाभोवती दोरी फिरवावी. ३० सेंटिमीटरच्या तोंडाचा घेर ९४ सेंटिमीटरला थोडा वर भरतो. गंमत अशी की तोंडात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तर घेरात तो दीड सेंटिमीटरहून जास्त दिसतो. दीड सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदी, आणि ती मावशीच्या नजरेतून सुटत नाही.

मी सुताच्या पक्क्या दोरीला एका टोकाला फास केला आणि पुढे तीन गाठी मारल्या. मधली गाठ नेमक्या मापाची, अलीकडची कमीत कमी, पलीकडची जास्तीत जास्त. काठाभोवती दोरी फिरवायची, फास पहिल्या आणि तिसऱ्या गाठीच्या मधे कुठंही आला की टोपलं पास. मोठ्यासाठी लाल दोरी, मधल्यासाठी पांढरी, लहानासाठी काळी. मावशीनं घरातलं एक जुनं टोपलं मोजून पाहिलं, फास गाठीच्या पार पुढे गेला. "हे नापास," म्हणाली आणि सुनेकडे पाहून हसली. सुती दोरी ओली झाली की आखडते, हे मला आठवडाभरानं समजलं. मग नायलॉनची केली.

हा हिशेब समजल्यावर मावशीनं मात्र मूळ गोष्टीलाच हात घातला. "सरळ भिंती कायले पायजे तिले?" मी म्हटलं, फडताळावर रांगेत बरी दिसतात म्हणून असेल. "आमी बजारात नेतो तवा कसे नेतो? एकात एक घालून. बूड दोन बोटं आवरलं का सारे बसतेत."

हे मला सुचायला हवं होतं. मंगळवारच्या बाजाराला मावशी डोक्यावर टोपल्यांचा मनोरा घेऊन निघते, पंधरा-वीस टोपली एकात एक, आणि वर सूप. तोंडापेक्षा बूड दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत असलं की एकाच मापाची टोपली एकमेकांत जातात. आम्ही घरातली सहा एकात एक घातली आणि मोजलं, तर दर टोपल्यामागे उंची पाचेक सेंटिमीटर वाढत होती.

विमानानं पार्सल पाठवताना कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन, दोन्ही काढतात आणि जे जास्त त्याचे पैसे लावतात. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअरच्या हिशेबानं पाच हजारांनी भागायचं, की किलो येतात. टोपलं म्हणजे बहुतांशी हवा. आमची छत्तीस टोपली काट्यावर जेमतेम तेरा किलो. पण बाईच्या सांगण्याप्रमाणे सरळ भिंतींचे तीनाचे संच करून बारा संच एका पेटीत रचले तर पेटी लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून बासष्ट सेंटिमीटरची होते आणि पैसे पडतात अठ्ठेचाळीस किलोचे. एकात एक न घालता सुटी भरली असती तर शंभर किलोच्या घरात गेलं असतं, म्हणून तर तिनं संच मागितला होता. मावशीच्या पद्धतीनं मोठ्यांचा मनोरा वेगळा, मधल्यांचा वेगळा, लहानांचा वेगळा, सहा-सहाचे मनोरे केले तर सगळं चाळीस किलोच्या आत बसतं. संच तिनं तिकडे दुकानात जुळवावेत.

मी हे आकड्यांसकट लिहिलं, खाली मनोऱ्याचा फोटो लावला आणि शेजारी पट्टी ठेवली. चार दिवसांनी उत्तर आलं. उतरत्या भिंती चालतील, पण मोठ्याचं बूड २४ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर रिकामं टोपलं धक्क्यानं आडवं होतं. माप बाहेरून धरावं. तोंडाच्या मापात सूट नाही, उंचीत एक सेंटिमीटरपर्यंत चालेल.

उंचीतली ही सूट आम्हीच मागितली होती, कारण तोवर नमुन्याचं टोपलं आम्हाला धडा शिकवून गेलं होतं. ओल्या कामट्यांनी विणलेलं मोठं टोपलं त्या दिवशी बरोबर २० उंच होतं. बारा दिवसांनी पाहिलं तर १९. तोंड मात्र गाठीला तसंच. मी गोंधळलो. काकांनी एक कामटी हातात दिली. बांबू वाळताना लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडतो. काठाची कामटी घेराला लांबीनं जाते, म्हणून तोंड बदलत नाही. भिंत मात्र कामट्यांच्या रुंदीवर उभी असते. प्रत्येक कामटी केसभर बारीक झाली की वीस-बावीस फेऱ्यांत सेंटिमीटर सहज जातो आणि मधे फटी दिसायला लागतात. बाजारच्या टोपल्यात हे कुणी पाहत नाही, ते दुसऱ्या दिवशी शेणानं सारवलं जातं.

उपाय मावशीला माहीत होता, फक्त बाजारच्या भावात तो परवडत नाही. भिंत विणून काठ न बांधता टोपलं आठवडाभर सावलीत वाळवायचं. मग मुठीनं विण खाली ठोकून बसवायची, वर दीड-दोन फेऱ्या वाढवायच्या आणि त्यानंतर काठ बांधायचा. उन्हात वाळवलं तर कामट्या तडकतात. वाळलं की नाही हे ओळखायला मी दुकानातला छोटा काटा नेऊन ठेवला. एकाच टोपल्याचं रोज सकाळी वजन करायचं, तीन दिवस आकडा हलला नाही की वाळलं. ओलसर माल पेटीत बंद करून महिनाभर अंधारात ठेवला तर बुरशी धरणारच, मग पत्रात 'बुरशी नको' कितीही वेळा लिहिलेलं असो.

सगळ्यात अवघड ओळ होती कीड आणि रसायनाची. बाईला रसायन नको होतं आणि कीडही नको होती. बांबूत पिष्ट असतं, त्याच्यासाठी बारीक भुंगेरा येतो. आपण त्याला घुणच म्हणतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि खाली पिठासारखी भुकटी पडली की समजायचं. आमच्या रस्त्यावरच चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूकामाच्या प्रशिक्षणात सगळीकडे शिकवतात तो उपाय बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा. स्वस्त आहे, चांगला आहे. पण युरोपात बोरिक ॲसिड २०१० पासून चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे. वस्तूत ते ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पुढच्याला तसं कळवावं लागतं. एका बाईचं छोटं दुकान, तिला ही भानगड नको असणं मला पटलं. पण 'रसायनही नको, किडीची हमीही द्या' असं दोन्ही मिळणार नाही, हे लिहिणं भाग होतं.

आम्ही लिहिलं ते असं. बांबू तीन वर्षांहून जुना, थंडीत तोडलेला वापरू, कारण कोवळ्या आणि भलत्या हंगामात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते. कामट्या तासभर पाण्यात उकळू, त्यानं आतलं पिष्ट बरंच निघतं आणि असलेली अंडी-अळ्या मरतात. पण उकळलेल्या बांबूला पुढे कीड लागणारच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. उकळल्यावर हिरवा रंग जाऊन गवती पिवळा येईल, तोही प्रत्येक बांबूचा थोडा वेगळा. सोबत चार कामट्यांचा उन्हातला फोटो. तिकडच्या कस्टमला आणखी कुठला कागद लागतो ते तुम्ही तिथे विचारून आम्हाला कळवा, आम्हाला ते इथून समजणार नाही.

मला वाटलं होतं, इतकं स्पष्ट लिहिल्यावर ऑर्डर जाईल. बाईनं उलट लिहिलं, ठीक आहे, माल आल्यावर मी दोन आठवडे वेगळा ठेवीन आणि संशय आला तर मोठ्या फ्रीझरमध्ये गोठवीन. तिला आधीचे अनुभव असावेत.

भावाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे आम्ही फार शहाणपणा केला नाही. एका संचाला मावशी, काका, सून मिळून एका माणसाचा दीड दिवस जातो, वाळवून ठोकायच्या नव्या कामासकट. बांबू, सरपण, दहात एक टोपलं नापास जाणार ते धरून आम्ही संचाला साडेआठशे रुपये सांगितले. बाजारात तीच तीन टोपली तीनशेच्या आत जातात, तेव्हा मावशीला आकडा उच्चारायचीच लाज वाटत होती. पेटी, कुरिअर आणि दोन्हीकडचे बँकेचे पैसे बाईचे, हे मी ठळक लिहिलं, कारण परदेशातून पैसे येताना मधली बँक कापून घेते आणि दहा हजारांच्या व्यवहारात ते टोचतं. अर्धे आधी, अर्धे पेटी निघताना. निर्यातीचा आयईसी क्रमांक मावशीच्या पॅनवर ऑनलाइन काढला, फी पाचशे. बँकेतल्या खात्यावरचं आणि पॅनवरचं मावशीचं नाव एका अक्षरानं वेगळं निघालं, त्यात मात्र तीन आठवडे गेले. आधी पैसे मागताना ते तपासून घेतलं असतं तर बरं झालं असतं, हे मी स्वतःलाच सांगतो.

पैसे यायच्या आधी बाईनं एक गोष्ट मागितली आणि ती मला फार आवडली. मंजूर नमुना जोडीनं करायचा. एक संच तिच्याकडे, अगदी तसाच दुसरा मावशीकडे, दोन्हींना सारखा क्रमांकाचा बिल्ला. पुढे वाद झाला तर कागदाकडे न बघता टोपल्याकडे बघायचं. मावशीनं तो संच घरात देवळीखाली उंच ठेवला आणि नातवाला ताकीद दिली, "याले हात लावशील तं पाह्य."

छत्तीस टोपली व्हायला पाच आठवडे लागले. दोरीनं चार नापास केली, ती मंगळवारी बाजारात विकली गेली. मनोरे बांधून, मधे कागद घालून, पेट्यांवर आतलं मोजमाप लिहून माल गेला. पोचल्याचा मेल आला, फोटो आले, फडताळावर आमची टोपली बघून मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "तेच्यात ठेवतेत काय ते?" फोटोत लोकरीचे गुंडे होते.

तीन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. छत्तीसातल्या एका मोठ्या टोपल्याखाली भुकटी सापडली होती. तिनं जवळून फोटो काढला होता, भोकं मोजली होती आणि टोपलं फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. रागाचा शब्द नव्हता, फक्त विचारलं होतं, कामट्या उकळल्या होत्या ना?

आम्ही तिघं फोटो मोठा करून बघत बसलो. भोक भिंतीत एकही नव्हतं, सगळी काठाच्या कामटीत. आणि मग सुनेच्या तोंडचा रंग गेला. मोठ्याच्या काठाची कामटी मीटरभर लांब आणि जाड. लग्नाच्या जेवणाचा जो गंज आम्ही उकळायला आणला होता, त्यात ती वाकवून बसत नव्हती, मोडत होती. म्हणून तिनं मोठ्यांच्या काठाच्या कामट्यांवर नुसतं उकळतं पाणी ओतलं होतं. मधल्या आणि लहानांच्या काठाच्या कामट्या गंजात मावल्या होत्या. मोठी टोपली बारा, कीड लागली एकाला, बाकीच्या अकरांचं काय ते देव जाणे.

मावशीनं सुनेला काही म्हटलं नाही. मला म्हणाली, "लिहून दे तिले, काठ उकडला नव्हता म्हून. बाकीचे अकराई फ्रीजात टाक म्हना."

मी तसंच लिहिलं, मोडत होती म्हणून पाणी ओतलं, हेही लिहिलं. पाठवायच्या आधी पुढच्या ओळीत काय करणार ते सांगायला हवं होतं. काका तोवर उठून वेल्डिंगवाल्याकडे गेले होते. त्याच्या अंगणात तेलाचा एक जुना ड्रम पडलेला असतो, तो आडवा ठेवून उभा चिरला तर तीन फुटांची लांब पन्हाळ होते. तेवढ्यात मीटरभर कामटी थोडी बाक देऊन राहील का, हे बघायला मावशीनं लाल दोरी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली.